दोन मेशमध्ये सामाईक करंट सोर्स असताना मेश करंट पद्धत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमा आणि अभियांत्रिकी पदवीच्या विद्यार्थ्यांकडून या एका विषयावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्व मेश प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धरले आहेत आणि उदाहरणांसाठी मुख्यतः दोनच सर्किटे वापरली आहेत. त्यामुळे कागदावर दोन आकृत्या काढून घेतल्या की सर्व उत्तरे पडताळून पाहता येतील.

१. मेश म्हणजे नेमके काय, आणि मेश प्रवाह अ‍ॅमीटरने मोजता येतो का?

सर्किट कागदावर एकही तार दुसऱ्या तारेला न छेदता काढले की त्यात खिडकीच्या तावदानांसारखे बंदिस्त भाग दिसतात. ज्या लूपच्या आत दुसरी कोणतीही शाखा नाही, अशा प्रत्येक लूपला मेश म्हणतात. शाखांची संख्या b आणि नोडची संख्या n असेल, तर सलग जोडलेल्या सर्किटमध्ये मेशची संख्या b − n + 1 इतकीच येते, आणि आकृतीत मोजलेल्या मेश तेवढ्याच आहेत ना, हे आधी पाहून घ्यावे.

मेश प्रवाह ही हिशेबासाठी कल्पिलेली राशी आहे. जी शाखा एकाच मेशमध्ये आहे, तिच्यातील खरा प्रवाह मेश प्रवाहाएवढाच असतो आणि तो अ‍ॅमीटरने मोजता येतो. जी शाखा दोन मेशमध्ये सामाईक आहे, तिच्यातील खरा प्रवाह मात्र दोन मेश प्रवाहांची वजाबाकी असतो. पुढील सगळा विषय या वजाबाकीवर उभा आहे.

२. मधल्या शाखेत करंट सोर्स असला की नेहमीची पद्धत का अडते?

मेश पद्धतीत आपण प्रत्येक मेशसाठी किरचॉफचा व्होल्टेज नियम, म्हणजे केव्हीएल, लिहितो. त्यासाठी प्रत्येक घटकावरील व्होल्टेज मेश प्रवाहांच्या रूपात मांडता आले पाहिजे. रेझिस्टरवर ते ओहमच्या नियमाने मांडता येते आणि व्होल्टेज सोर्सवर ते दिलेलेच असते. आदर्श करंट सोर्स मात्र फक्त प्रवाह ठरवतो. त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज किती असेल हे उरलेले सर्किट ठरवते, आणि ते सर्किट सुटेपर्यंत आपल्याला माहीत नसते.

येथे सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे करंट सोर्सवरील व्होल्टेज शून्य धरणे. असे उदाहरण घ्या: डाव्या मेशमध्ये धन टोक वर असलेला २० व्होल्टचा सोर्स आणि ४ ओहम, उजव्या मेशमध्ये ६ ओहम, आणि मधल्या शाखेत वरच्या दिशेने ५ अँपिअरचा करंट सोर्स. याला पहिले सर्किट म्हणू. मधले व्होल्टेज शून्य धरले, तर डावीकडून i1 = 5 आणि उजवीकडून i2 = 0 मिळते. दोघांतील फरक ५ अँपिअर येतो, म्हणून उत्तर बरोबर वाटू शकते. पण ही दिशा खालची आहे आणि सोर्सचा बाण वर आहे. आकडा योगायोगाने जुळला आहे, उत्तर पूर्णपणे चुकीचे आहे.

३. सुपरमेशचे समीकरण येते कुठून? ते नुसते पाठ करायचे का?

पाठ करण्याची गरज नाही. करंट सोर्सवरील अज्ञात व्होल्टेजला सरळ vx असे नाव द्या, वरचे टोक धन धरा आणि पहिल्या सर्किटच्या दोन्ही मेशची समीकरणे नेहमीसारखी लिहा:

```
4*i1 + vx = 20
6*i2 - vx = 0
```

सोर्स दोन्ही मेशमध्ये सामाईक असल्यामुळे vx एका समीकरणात अधिक आणि दुसऱ्यात उणे चिन्हाने येतो. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की तो आपोआप निघून जातो आणि 4*i1 + 6*i2 = 20 एवढे उरते. करंट सोर्सची शाखा झाकून बाहेरच्या कडेने केव्हीएल लिहिला असता, तर हेच समीकरण मिळाले असते. त्या बाहेरच्या कडेलाच सुपरमेश म्हणतात.

म्हणजे सुपरमेश हा वेगळा नियम नसून vx चे निरसन आहे. हे एकदा लक्षात आले की पुढच्या अपवादांपैकी बहुतेकांचे उत्तर स्वतःचे स्वतः काढता येते. दोन समीकरणांचे एक झाल्यामुळे एक समीकरण कमी पडते, ती उणीव सोर्सचे समीकरण भरून काढते: i2 − i1 = 5. दोन्ही सोडवली की i1 = −1 अँपिअर आणि i2 = 4 अँपिअर मिळतात.

४. सोर्सचे समीकरण i1 − i2 लिहायचे की i2 − i1?

पाठांतरापेक्षा बोट ठेवून पाहणे अधिक भरवशाचे आहे. सोर्सच्या शाखेवर बोट ठेवा आणि बाणाच्या दिशेने सरकवा. बोट ज्या मेशमध्ये घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरल्यासारखे वाटेल, त्या मेशचा प्रवाह अधिक चिन्हाने लिहायचा, दुसऱ्याचा उणे चिन्हाने. पहिल्या सर्किटमध्ये बाण वर आहे. मधली शाखा ही उजव्या मेशची डावी बाजू आहे, आणि घड्याळाच्या दिशेने फिरताना डाव्या बाजूने आपण वर जातो. म्हणून i2 अधिक. डाव्या मेशसाठी तीच शाखा उजवी बाजू आहे, तेथे आपण खाली येतो, म्हणून i1 उणे.

हे चिन्ह चुकल्यास ते का सहज लक्षात येत नाही, हे प्रश्न ८ मध्ये पाहा.

५. i1 उणे आला, म्हणजे गणित चुकले का?

नाही. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच की खरा प्रवाह आपण धरलेल्या दिशेच्या उलट आहे. पहिल्या सर्किटमध्ये ५ अँपिअरपैकी ४ अँपिअर उजवीकडे जातात आणि १ अँपिअर डावीकडे वळून २० व्होल्टच्या सोर्समध्ये त्याच्या धन टोकाकडून शिरतो. तो सोर्स येथे पॉवर पुरवत नाही, तर शोषतो. बॅटरी असती तर ती चार्ज होत असती.

पॉवरचा ताळा घेतला की हे स्पष्ट होते. करंट सोर्सवरील व्होल्टेज उजवीकडून 6*4, म्हणजे २४ व्होल्ट आहे, म्हणून तो १२० वॅट पुरवतो. त्यांतील ९६ वॅट ६ ओहममध्ये, ४ वॅट ४ ओहममध्ये आणि २० वॅट व्होल्टेज सोर्समध्ये जातात.

६. तीन मेश असतील आणि त्यांपैकी दोघींमध्येच करंट सोर्स असेल, तर संपूर्ण उदाहरण कसे सोडवायचे?

दुसरे सर्किट असे काढा. खाली एक सामाईक तार, तिला आपण ग्राउंड म्हणू. तिच्या वर एका ओळीत A, B आणि C असे तीन नोड. A पासून ग्राउंडपर्यंत ४२ व्होल्टचा सोर्स, धन टोक A कडे. A आणि B यांच्यामध्ये २ ओहम, B आणि C यांच्यामध्ये ४ ओहम. B पासून ग्राउंडपर्यंत ६ अँपिअरचा करंट सोर्स, बाण वर. C पासून ग्राउंडपर्यंत ३ ओहम. शेवटी A आणि C यांना वरून जोडणारी ६ ओहमची शाखा. शाखा सहा, नोड चार, म्हणून मेश तीन: खाली डावीकडे i1, खाली उजवीकडे i2 आणि वर i3.

करंट सोर्स i1 आणि i2 यांच्यात सामाईक आहे, म्हणून या दोन मेशची मिळून सुपरमेश होते. तिची कड ४२ व्होल्ट, २ ओहम, ४ ओहम आणि ३ ओहम या मार्गाने जाते. येथे थोडे थांबायला हवे. २ ओहममधून i1 आणि i3 हे दोन्ही जातात, ४ ओहममधून i2 आणि i3 हे दोन्ही जातात. सुपरमेश केली म्हणून i1 आणि i2 यांचा एकच प्रवाह होत नाही, आणि शेजारच्या i3 चा हिस्साही पुसला जात नाही. कडेवरून चालताना प्रत्येक रेझिस्टरसाठी तो मूळ ज्या मेशचा आहे तिचाच प्रवाह लिहायचा आणि पलीकडच्या मेशचा वजा करायचा:

```
2*(i1 - i3) + 4*(i2 - i3) + 3*i2 = 42
6*i3 + 4*(i3 - i2) + 2*(i3 - i1) = 0
i2 - i1 = 6
```

दुसरे समीकरण वरच्या मेशचे आहे. तिच्यात करंट सोर्स नसल्यामुळे ते नेहमीच्या रीतीने लिहिले आहे. तिसऱ्यातून i2 = i1 + 6 घेऊन दुसऱ्यात ठेवले की i3 = i1/2 + 2 मिळते. ही दोन्ही पहिल्यात ठेवली की 6*i1 + 30 = 42 उरते. म्हणून i1 = 2, i2 = 8 आणि i3 = 3 अँपिअर.

आता खरे शाखाप्रवाह काढा. २ ओहममधून A कडून B कडे i1 − i3 = −1 अँपिअर, म्हणजे प्रत्यक्षात B कडून A कडे १ अँपिअर. ४ ओहममधून B कडून C कडे ५ अँपिअर. B या नोडमध्ये सोर्समधून ६ अँपिअर येतात आणि १ व ५ अँपिअर बाहेर जातात, म्हणजे प्रवाहाचा नियमही पाळला गेला आहे.

७. उत्तर बरोबर आहे हे पुस्तकाच्या मागे न पाहता कसे ओळखायचे?

करंट सोर्सवरील व्होल्टेज दोन वेगवेगळ्या मार्गांनी काढावे. मला ही तपासणी सर्वांत उपयुक्त वाटते, कारण सुपरमेश करताना आपण नेमकी हीच राशी बाजूला ठेवलेली असते. दुसऱ्या सर्किटमध्ये डावीकडून B चे व्होल्टेज 42 − 2*(−1) = 44 येते. उजवीकडून 3*8 + 4*5 = 44 येते. दोन्ही जुळतात.

चूक असेल तर काय दिसते, तेही पाहू. समजा सुपरमेशमध्ये i3 चा हिस्सा लिहायचा राहिला आणि 2*i1 + 4*i2 + 3*i2 = 42 असे मांडले. मग i1 = 0, i2 = 6 आणि i3 = 2 अशी अगदी नीटस उत्तरे मिळतात, आणि सोर्सचे समीकरणही पाळले जाते. पण डावीकडून 42 − 2*(0 − 2) = 46 येते आणि उजवीकडून 3*6 + 4*(6 − 2) = 34. हा १२ व्होल्टचा फरक म्हणजे विसरलेले 2*i3 + 4*i3. म्हणजे या तपासणीतून चूक आहे एवढेच कळत नाही, तर ती कोणत्या पदात आहे याचाही माग लागतो.

८. सोर्सचे चिन्ह उलटे लिहिले तरी रेझिस्टरमधील एकूण पॉवर तेवढीच आली. असे कसे?

हा प्रश्न फार थोडे विद्यार्थी विचारतात, पण तो चांगला आहे. दुसऱ्या सर्किटमध्ये चुकून i1 − i2 = 6 लिहिले, तर i1 = 12, i2 = 6, i3 = 4 मिळतात. रेझिस्टरमधील पॉवर अनुक्रमे १२८, १६, १०८ आणि ९६ वॅट, एकूण ३४८ वॅट. बरोबर उत्तरात ही पॉवर २, १००, १९२ आणि ५४ वॅट होती, आणि तिचीही बेरीज ३४८ वॅटच.

हा योगायोग नाही. केवळ रेझिस्टर, एक स्वतंत्र व्होल्टेज सोर्स आणि एक स्वतंत्र करंट सोर्स असलेल्या सर्किटमध्ये, दोन सोर्सच्या परस्पर परिणामाची पदे व्यस्तता प्रमेयानुसार एकमेकांना रद्द करतात. म्हणून करंट सोर्स उलटा केला तरी एकूण पॉवर बदलत नाही. या चुकीत प्रश्न ७ मधील तपासणीही पास होते, कारण दोन्ही मार्गांनी २६ व्होल्टच येतात. आपण बाण उलटा असलेले एक वेगळे सर्किट अचूक सोडवलेले असते.

ही चूक पकडायची असेल तर मूळ आकृतीतील बाण पुन्हा पाहून सोर्सची पॉवर काढावी. बाण वर असलेला ६ अँपिअरचा सोर्स २६ व्होल्टवर १५६ वॅट पुरवेल आणि ४२ व्होल्टचा सोर्स १२ अँपिअरने ५०४ वॅट. बेरीज ६६० वॅट, जी ३४८ शी जुळत नाही. बरोबर उत्तरात मात्र करंट सोर्सचे २६४ आणि व्होल्टेज सोर्सचे ८४ मिळून ३४८ वॅट होतात.

९. आकृतीकडे पाहून थेट मॅट्रिक्स भरण्याची रीत येथे का चालत नाही?

त्या रीतीत कर्णावर प्रत्येक मेशमधील रेझिस्टरची बेरीज आणि इतरत्र सामाईक रेझिस्टर उणे चिन्हाने लिहितात, म्हणून मॅट्रिक्स सममित होते. तिच्यातील प्रत्येक ओळ एका मेशचा केव्हीएल असते. येथे एक ओळ दोन मेशची बेरीज आहे आणि एक ओळ केव्हीएल नाहीच, ती निव्वळ प्रवाहांची आहे. त्यामुळे सममिती मोडते. ऑक्टेव्हमध्ये दुसरे सर्किट तपासायचे असेल तर असे लिहावे:

```
A = [2 7 -6; -2 -4 12; -1 1 0];
b = [42; 0; 6];
x = A \ b
```

उत्तर 2, 8, 3 यायला हवे. b मधील पहिला आकडा व्होल्टमध्ये आणि शेवटचा अँपिअरमध्ये आहे, हे ध्यानात असू द्यावे.

१०. करंट सोर्सबरोबर त्याच शाखेत किंवा त्याला समांतर रेझिस्टर असेल, तर?

एकसरीत असेल तर सुपरमेशच्या समीकरणात तो येतच नाही, कारण ती पूर्ण शाखाच झाकली जाते. पहिल्या सर्किटमध्ये सोर्सच्या एकसरीत १० ओहम घातले तरी i1 = −1 आणि i2 = 4 हेच राहतात. बदलते ते सोर्सवरील व्होल्टेज: शाखेचे २४ अधिक रेझिस्टरचे ५०, म्हणजे ७४ व्होल्ट. सोर्सला आता ३७० वॅट पुरवावे लागतात आणि त्यांतील २५० वॅट त्या रेझिस्टरमध्येच खर्ची पडतात. मेश प्रवाह विचारले असतील तर तो रेझिस्टर सोडून देता येतो. सोर्सचे व्होल्टेज किंवा पॉवर विचारली असेल तर नाही.

समांतर असेल तर सुपरमेशची गरजच राहत नाही. पहिल्या सर्किटमध्ये सोर्सला समांतर १२ ओहम असतील, तर दोघांऐवजी ६० व्होल्टचा सोर्स आणि त्याच्या एकसरीत १२ ओहम घ्यावेत. मग i1 = 0 आणि i2 साधारण 3.33 अँपिअर येतो. सावधगिरी एकच. रूपांतरानंतर १२ ओहममध्ये दिसणारा वर जाणारा ३.३३ अँपिअर हा त्या रेझिस्टरचा खरा प्रवाह नाही. मूळ सर्किटमध्ये त्याच्यावर २० व्होल्ट आहेत, म्हणून त्यातून खाली जाणारा प्रवाह १.६७ अँपिअर आहे.

११. अवलंबी करंट सोर्स सामाईक असेल तर पद्धत बदलते का?

सुपरमेश तशीच राहते, फक्त सोर्सच्या समीकरणाच्या उजव्या बाजूला आकड्याऐवजी मेश प्रवाहांची राशी येते. पहिल्या सर्किटमध्ये ५ अँपिअरऐवजी 5*i1 इतका प्रवाह देणारा सोर्स असेल, तर i2 − i1 = 5*i1, म्हणजे i2 = 6*i1. सुपरमेशमध्ये ठेवले की 40*i1 = 20, म्हणून i1 = 0.5 आणि i2 = 3 अँपिअर.

अवलंबी सोर्सचा गुणक k असेल, तर (10 + 6*k)*i1 = 20 मिळते. k = −5/3 असताना डावी बाजू शून्य होते आणि सर्किटला उत्तरच राहत नाही. असे झाल्यास आकडेमोडीत चूक शोधत बसू नये. आदर्श घटकांनी मांडलेले ते सर्किटच परस्परविसंगत आहे. तसेच प्रश्न ८ मधील पॉवरचा नियम अवलंबी सोर्स असलेल्या सर्किटला लावू नये.

१२. येथे नोड पद्धत सोपी पडली नसती का?

दुसऱ्या सर्किटपुरते बोलायचे तर हो. A चे व्होल्टेज ४२ हे आधीच माहीत आहे, म्हणून B आणि C अशी दोनच अज्ञाते राहतात आणि करंट सोर्स समीकरणात सरळ ६ म्हणून येतो. कोणती पद्धत घ्यावी हे अज्ञाते मोजून ठरवावे. सर्किट तारा न छेदता काढता येत नसेल, तर मेश ही संकल्पनाच लागू होत नाही आणि नोड किंवा सामान्य लूप पद्धत घ्यावी लागते. मात्र आकृतीत दोन तारा एकमेकींवरून गेलेल्या दिसल्या म्हणून घाई करू नये. पुष्कळदा एखादी शाखा बाहेरून वळवून घेतली की तेच सर्किट सपाट काढता येते.

१३. करंट सोर्स दोनपेक्षा जास्त मेशना जोडत असतील, किंवा सुपरमेशच्या कडेवरच आणखी एक सोर्स असेल, तर?

एक सोर्स i1 आणि i2 मध्ये व दुसरा i2 आणि i3 मध्ये असेल, तर तिन्ही मेशची एकच सुपरमेश करावी. केव्हीएलचे समीकरण एक आणि सोर्सची दोन, म्हणजे तीन अज्ञातांना तीन समीकरणे पुरतात. दोन वेगळ्या सुपरमेश करू गेल्यास प्रत्येकीच्या कडेवर दुसरा सोर्स येतो आणि प्रश्न २ मधील अडचण परत उभी राहते.

सोर्स सर्किटच्या बाहेरच्या कडेवर, एकाच मेशमध्ये असेल, तर तो मेश प्रवाह थेट माहीत होतो. पहिल्या सर्किटमध्ये ६ ओहमच्या एकसरीत, घड्याळाच्या दिशेने ३ अँपिअर देणारा सोर्स बसवला, तर i2 = 3 आणि सामाईक सोर्सवरून i1 = −2. केव्हीएल न लिहिताच दोन्ही मिळाले. तो फक्त दोन सोर्सवरील व्होल्टेज काढण्यासाठी लागतो: डावीकडून मधल्या शाखेवर 20 − 4*(−2) = 28 व्होल्ट. ६ ओहमवर १८ व्होल्ट पडतात, म्हणून उरलेले १० व्होल्ट नव्या सोर्सवर असतात, आणि प्रवाह त्याच्या धन टोकातून आत जात असल्यामुळे तो ३० वॅट शोषतो.

मात्र एखाद्या नोडला जोडलेल्या सर्वच शाखांमध्ये करंट सोर्स असतील आणि त्यांची बेरीज शून्य होत नसेल, तर सोर्सची समीकरणे एकमेकांविरुद्ध जातात आणि सर्किटला उत्तर नसते. बेरीज शून्य होत असेल, तर त्यांतील एक समीकरण इतरांतूनच निघते आणि त्या नोडचे व्होल्टेज ठरवायला काहीच उरत नाही.